पालाश आणि रात्रपाळी



ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या माझ्या पहिल्या सिस्टर इन-चार्ज. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला सांगितलं होतं, "ओव्हर घेताना कागद नंतर वाच. आधी वरची बाटली बघ, मग खालची पिशवी बघ." वरची बाटली म्हणजे सलाईनची आणि खालची पिशवी लघवीची. आजचं व्याख्यान या दोहोंमधल्या एका क्षाराबद्दल आहे. तो रक्तात कमी झाला तर त्याला हायपोकॅलेमिया म्हणतात आणि जास्त झाला तर हायपरकॅलेमिया. नावं अशी जुळी आहेत की परीक्षेत मुली हमखास गोंधळतात. आम्ही वॉर्डात सरळ 'के लो' आणि 'के हाय' म्हणायचो.

के म्हणजे पोटॅशियम. तुमच्यापैकी ज्यांची गावाकडे शेती आहे त्यांना ते वेगळ्या नावाने माहीत आहे. नत्र, स्फुरद, पालाश या त्रयीतला पालाश तो हाच. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणून जे पोतं केळीच्या नाहीतर उसाच्या शेतात रिकामं होतं, त्यातलं मीठ पोटॅशियम क्लोराईड असतं. तेच मीठ शुद्ध करून आमच्याकडे १० मिलीच्या अँप्यूलमध्ये येतं. त्या एका अँप्यूलमध्ये २० एमईक्यू पोटॅशियम असतं. एमईक्यू हे मोजमाप आहे, ते कसं काढतात यात आज शिरायचं कारण नाही.

एवढं मात्र लक्षात ठेवा. साठ-सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात सुमारे ३,५०० एमईक्यू पोटॅशियम असतं, पण त्यातलं जवळजवळ सगळं पेशींच्या आत असतं. पेशींबाहेरच्या पाण्यात असतं जेमतेम साठेक. आपण तपासणीला पाठवतो तो नमुना या बाहेरच्या साठेकाचा. लिटरला साडेतीन ते पाच हा त्याचा नेहमीचा आकडा. कोठारात पोती भरलेली आहेत आणि आपण ओट्यावर सांडलेले दाणे मोजतोय, असा हा प्रकार. पण हृदय या ओट्यावरच्या दाण्यांवरच चालतं, म्हणून ते मोजावे लागतात.

आता रुग्णाकडे येऊ. ओळख राहू नये म्हणून दोन-तीन रुग्णांचे तपशील एकत्र करून सांगते. रुग्णालयाचं नाव सांगणार नाही, कारण त्या रात्रीची चूक माझी होती.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. तेव्हापासून दर पावसाळ्यात आमच्या खाटा या आजारासाठी जणू राखीवच असतात. उंदराच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, ओरखड्यांतून अंगात शिरतात. माझा रुग्ण चौतिशीचा, वरळीच्या चाळीत राहणारा आणि हातगाडीवर माल पोचवणारा. हिंदमाताला कमरेएवढ्या पाण्यातून त्याने दोन दिवस गाडी ओढली होती. आठवड्याने ताप आला. डोळे लाल झाले, अंगावर पिवळी झाक आली आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की चादर लागली तरी तो कळवळायचा. क्रिएटिनिन ४.१ होतं, म्हणजे मूत्रपिंडं निकामी होत चालली होती.

मूत्रपिंड बंद पडलं की पोटॅशियम साठत जाऊन वाढतं, हे आम्ही पुस्तकात शिकलो होतो. ह्याचं आलं २.७. नवीन आलेल्या मुलीला वाटलं, लॅबची चूक असणार. चूक नव्हती. लेप्टोत मूत्रपिंड बंद पडतं ते पुष्कळदा लघवी चालू ठेवून आणि पोटॅशियम गमावत. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी १९९० मध्ये हे नीट मांडलं. मूत्रपिंडातल्या नळीचा सुरुवातीचा भाग मीठ परत शोषायला कमी पडतो, ते मीठ पुढच्या भागात लोटतं आणि तिथे मीठ परत घेण्याच्या बदल्यात पोटॅशियम सोडून द्यावं लागतं. ह्या माणसाला दिवसाला सव्वादोन लिटर लघवी होत होती. पिशवी भरलेली बघून आम्ही खूश होतो आणि त्याच पिशवीतून पोटॅशियम निघून चाललं होतं.

आता 'के लो'ची लक्षणं. हा माणूस आधी म्हणाला, "सिस्टर, पायात गोळे येतात." मग कमोडवरून उठताना मांड्या साथ देईनात. दुसऱ्या दिवशी पोट फुगलं, वारा सरेना, स्टेथोस्कोप लावला तर आतडी गप्प. आतड्याचे स्नायूही स्नायूच, पोटॅशियमवाचून तेही ढिले पडतात. याहून खाली गेलं तर श्वासाचे स्नायू थकतात आणि श्वास उथळ होतो. म्हणून अशा रुग्णाचे श्वास मी पूर्ण मिनिटभर मोजते. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची सवय इथे घात करते.

ईसीजीच्या पट्टीवर हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला एक छोटी टेकडी, मग एक उंच सुळका आणि शेवटी एक गोल टेकडी उमटते. डॉक्टर त्यांना पी, क्यूआरएस आणि टी म्हणतात. सुळका म्हणजे हृदयाचं आकुंचन सुरू करणारा विजेचा झटका आणि शेवटची टी म्हणजे पुढच्या ठोक्यासाठी पेशींनी पुन्हा भारित होणं. पोटॅशियमचा मुख्य खेळ या भारित होण्यात. ते कमी झालं की टी खचते, सपाट होते. तिच्या आधीची रेघ जराशी खाली झुकते आणि टीच्या मागे आणखी एक उंचवटा डोकावतो. त्याला यू म्हणतात. आमच्या माणसाच्या छातीवरच्या पट्ट्यांत टी शोधावी लागत होती आणि यू ठळक होती. घाईत बघणारा त्या यूलाच टी समजतो आणि सगळं ठीक आहे म्हणून कागद फाईलला लावतो. मधूनमधून अवेळी ठोकेही पडत होते. डिगॉक्सिन घेणाऱ्या हृदयरोग्याचं पोटॅशियम असं उतरलं तर हे अवेळी ठोके फार लवकर बेलगाम होतात. याला ते औषध नव्हतं, एवढं बरं.

डॉक्टरांनी लिहिलं: ५०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये पोटॅशियम क्लोराईडची एक अँप्यूल, चार तासांत. शिवाय तोंडाने सिरप, १५ मिली दिवसातून तीनदा, पाण्यात मिसळून, खाल्ल्यावर. ही ऑर्डर वाचायला दोन ओळींची, पण तिच्यात आमचं बरंच काम दडलेलं असतं.

पहिली गोष्ट म्हणजे ही अँप्यूल शिरेत सरळ कधीच टोचायची नाही. पातळ न करता एका दमात दिलेलं पोटॅशियम हृदय थांबवतं, आणि ही अँप्यूल दिसायला डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलची सख्खी बहीण. म्हणून ती वेगळ्या कप्प्यात, कुलपात. बाटलीत घालताना दुसऱ्या सिस्टरने नाव मोठ्याने वाचायचं. घातल्यावर बाटली आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची, कारण हे द्रावण जड असतं आणि तळाशी बसतं. बाटली स्टँडला उलटी टांगल्यावर तोच तळ म्हणजे नळीचं तोंड, मग रुग्णाला सुरुवातीचे थेंब जहाल मिळतात. टांगलेल्या बाटलीत वरून पोटॅशियम घालणं यासाठीच वर्ज्य.

दुसरी गोष्ट वेगाची. हाताच्या शिरेतून द्यायचं तर लिटरमागे ४० एमईक्यूच्या वर जायचं नाही आणि तासाला दहाच्या वर द्यायचं नाही. वीसपर्यंत जायचं तर मोठ्या शिरेतली लाईन आणि डोळ्यांसमोर मॉनिटर हवा. आमच्या रुग्णाचा वेग तासाला ५ एमईक्यू होता, कारण मूत्रपिंडं आजारी होती. तासाला १२५ मिली म्हणजे मिलीला वीस थेंबांच्या सेटवर मिनिटाला सुमारे बेचाळीस थेंब. हातात जळजळ होते अशी तक्रार आली तर शीर तपासायची. "सहन करा" म्हणायचं नाही, आणि तो कळवळतोय म्हणून नंतर वेग वाढवून वेळ भरूनही काढायचा नाही.

डेक्स्ट्रोजऐवजी नॉर्मल सलाईन का, असा प्रश्न विद्यार्थिनी नेहमी विचारतात. साखर गेली की इन्सुलिन सुटतं आणि इन्सुलिन पोटॅशियमला पेशीत ढकलतं. रक्तातला आकडा वाढवायला गेलो आणि आणखी उतरवून बसलो, असं होतं. हेच इन्सुलिन पुढे उलट कामाला येणार आहे.

दोन दिवस असं चाललं आणि आकडा २.९ वर अडला. अशा वेळी बोट मॅग्नेशियमकडे जायला हवं. मॅग्नेशियम कमी असेल तर मूत्रपिंड पोटॅशियम धरूनच ठेवत नाही, भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतल्यासारखं होतं. लेप्टोत मॅग्नेशियमही लघवीतून जातं. तपासलं, ते कमीच होतं. मॅग्नेशियम सल्फेट दिलं आणि चौथ्या दिवशी पोटॅशियम ३.६ झालं. यू दिसेनाशी झाली, पोट मऊ झालं, रुग्णाने भात मागितला.

त्या चौथ्या रात्री माझी नाईट होती. ओव्हर घेताना सांगितलं गेलं, "के सुधारलाय, बाटल्या चालू आहेत." साडेनऊला बाटली संपत आली आणि दहाला मी ऑर्डरप्रमाणे पुढची लावली. वरची बाटली बघितली, खालची पिशवी नाही. नंतर चार्ट काढून पाहिला तर संध्याकाळपासून तासागणिक लघवी चाळीस, पस्तीस, वीस, दहा मिली अशी उतरत गेली होती. संध्याकाळी रक्तदाब थोडा उतरला होता, खोकल्यात रक्ताचा अंश होता, म्हणजे आजाराने वळण घेतलं होतं. आकडे वहीत लिहिलेले होते, पण ते कुणी एका नजरेत वाचले नव्हते. साठ किलोच्या माणसाला तासाला तीस मिलीच्या खाली लघवी गेली, तर पोटॅशियमची बाटली थांबवून डॉक्टरांना फोन करायला हवा. दहाला मी तो फोन केला असता तर तीन वाजता काय झालं हे सांगायची वेळ आली नसती.

हिशोब करून बघा. दहा ते तीन, पाच तास, म्हणजे २५ एमईक्यू शिरेतून. पेशींबाहेर सगळं मिळून साठ. शिवाय लघवी थांबल्याने रक्त आम्लधर्मी झालेलं आणि आम्ल पोटॅशियमला पेशीतून बाहेर काढतं. दुखऱ्या पोटऱ्यांचे स्नायू फुटत होते, त्यांतलं वेगळंच. दिलेल्यापैकी काही पेशींत शिरलं असेल, पण बाहेर जायची वाट मात्र बंद झाली होती.

तीन वाजता मॉनिटरवर टी उंच, टोकदार आणि तळाशी अरुंद झाली होती. राहुटी ठोकावी तशी. हायपरकॅलेमियाची पहिली खूण हीच. पुढे पीआरचं अंतर लांबतं, पी सपाट होऊन नाहीशी होते, मग सुळकाच रुंद होत जातो, तीन छोट्या चौकोनांच्या पलीकडे. शेवटी सुळका आणि टी एकमेकांत विरघळून नुसती लाट उरते. त्या लाटेनंतर हृदय थरथरतं किंवा थांबतं. आमच्या पट्टीवर पी जवळजवळ पुसली गेली होती आणि क्यूआरएस साडेतीन चौकोन झाला होता.

आणि रुग्ण? तो शांत झोपला होता. उठवल्यावर म्हणाला, "पाय जड वाटतात." 'के लो' असतानाही त्याची तक्रार पायांचीच होती! अशक्तपणा दोन्हीकडे असतो. ओठांभोवती मुंग्या, मळमळ, मंद नाडी असेल तर वाढल्याचा संशय घ्यावा, पण पुष्कळदा यातलं काहीच नसतं. माणसाच्या तोंडून कळत नाही म्हणून तर पट्टी काढायची. पण पट्टीचीही एक मर्यादा सांगून ठेवते. काहींचा आकडा ७ असतो आणि पट्टी साधी दिसते, विशेषतः ज्यांचं पोटॅशियम हळूहळू वाढलेलं असतं अशा जुन्या किडनी रुग्णांत. पट्टी बिघडलेली दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवा. चांगली दिसली तर आकड्याची वाट बघा.

मी आधी क्लॅम्प बंद केला. फोन नंतर. मग बारा लीडचा ईसीजी, आणि रक्त दुसऱ्या हातातून, पट्टा न आवळता, मूठ उघडझाप न करायला सांगून. सलाईनच्या हातातून घेतलं तर बाटलीतलंच पोटॅशियम नमुन्यात येतं. पट्टा फार वेळ आवळला, सिरिंजमधून जोराने दाबून नळीत सोडलं, नमुना तासन्‌तास पडून राहिला, की रक्तपेशी फुटून आकडा खोटाच वाढतो. एरवी अनपेक्षित ६.८ आला तर आधी नमुना पुन्हा घ्यावा. पण पट्टी अशी दिसत असताना लॅबची वाट बघत नाहीत. आकडा नंतर आला, ६.८. तोवर डॉक्टर येऊन उपचार सुरू झाले होते.

पहिलं औषध कॅल्शियम. दहा टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, मॉनिटर बघत पाच-दहा मिनिटांत. त्याने पोटॅशियम एका थेंबानेही उतरत नाही. ते फक्त हृदयाच्या पेशीवर ढालीसारखं उभं राहतं. कॅल्शियमचं हृदयाशी असलेलं हे नातं १८८० च्या दशकात लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी बेडकाच्या हृदयावर दाखवलं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बनवायचं द्रावण नळाच्या पाण्यात बनलं होतं, त्यात कॅल्शियम होतं, आणि हृदय धडधडत राहिलं. पुढे डिस्टिल्ड वॉटर वापरलं तेव्हा धडधड टिकेना. रोज स्टँडला टांगतो त्या रिंगर लॅक्टेटमधले रिंगर हेच. त्या बाटलीत थोडं पोटॅशियमही असतं, म्हणून 'के हाय' असताना ती बाटली कुठून लागली नाही ना, हे बघून घ्यावं.

तीनेक मिनिटांत सुळका अरुंद व्हायला लागला. झाला नसता तर पाच मिनिटांनी पुन्हा तोच डोस. परिणाम अर्धा ते एक तास टिकतो, तेवढ्यात पुढचं उरकायचं. दोन सावधगिऱ्या. शीर नीट चालते याची खात्री करूनच द्या, कॅल्शियम बाहेर झिरपलं तर कातडी जळते. आणि त्याच नळीतून सोडाबायकार्ब देऊ नका, दोन्ही मिळून नळीत खडू जमतो.

मग इन्सुलिन, तेच मघाचं. १० युनिट रेग्युलर, २५ टक्क्यांच्या १०० मिली डेक्स्ट्रोजबरोबर. पंधरा-वीस मिनिटांत ते पोटॅशियमला पेशीत ढकलायला लागतं आणि काही तास धरून ठेवतं. याची किंमत साखरेत द्यावी लागते. मूत्रपिंड बंद असलेल्या माणसात इन्सुलिन जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून पुढचे सहा तास दर तासाला बोटाची साखर. पाच वाजता त्याला घाम फुटला, ग्लुकोमीटरवर ५८ होती, पुन्हा डेक्स्ट्रोज द्यावं लागलं. पोटॅशियमच्या नादात साखर विसरणं ही या उपचारातली सर्रास चूक आहे. जोडीला साल्ब्युटामॉलचा नेब्युलायझर. दम्याला एक रेस्प्यूल पुरते, इथे चार लागतात, १० मिलिग्रॅम. हात थरथरतात, नाडी वाढते, हे रुग्णाला आधीच सांगावं.

पण हे सगळं पोटॅशियम लपवणं झालं. अंगाबाहेर काढायला लघवी हवी, आणि ती नव्हती. साडेसहाला डायलिसिसला नेलं. सोबत मॉनिटर आणि भरून ठेवलेलं कॅल्शियम घेऊन मी गेले. नेण्याआधी उशाशी पाहिलं तर सिरपची बाटली होती आणि त्याच्या आईने रात्री आणून ठेवलेलं शहाळं. एका शहाळ्यात दहा-पंधरा एमईक्यू सहज असतं. दोन्ही उचलली. आई रागावली, आणि तिचं बरोबर होतं. चारच दिवसांपूर्वी मीच तिला म्हणाले होते, "शहाळं आणा, त्याला चांगलं."

पुढे तीन डायलिसिस झाले. नवव्या दिवशी लघवी परत सुरू झाली, आधी थोडी आणि मग दिवसाला चार लिटर. मूत्रपिंड सावरताना असं होतं, पाणी सुटतं आणि सोबत मीठही. अकराव्या दिवशी पोटॅशियम ३.१ होतं आणि पट्टीवर टी पुन्हा बसकी. सिरप परत सुरू झालं, या वेळी लिहून, की लघवी तासाला तीसच्या खाली गेली तर डोस द्यायचा नाही. तक्त्यावर मी लाल पेनने एक रकाना वाढवला. बाटली लावण्याआधी मागच्या चार तासांची लघवी त्यात लिहायची आणि खाली सही करायची. सकाळच्या सिस्टरने विचारलं, हा कुठल्या नियमात बसतो? मी म्हटलं, बसत नाही, पण भर.

बाराव्या दिवशी आई शहाळं घेऊन दाराशीच थांबली आणि लांबूनच मला विचारलं, "आज चालेल की नको?" मी पिशवी बघून आले आणि म्हटलं, अर्धं द्या.